राजीनाम्याची तारीख आणि सहीची यादी

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपासून फाइव्ह गार्डन्सपर्यंतच्या गल्ल्यांत तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. वीस-पंचवीस सभासद, मानद सेक्रेटरी, मानद खजिनदार, जिन्याखाली किंवा कुणाच्या तरी घरात एक कपाट, आणि त्या कपाटात संस्थेचा सगळा कागद. एखादे दिवशी सेक्रेटरी वैतागतात, चार ओळींचे पत्र लिहितात, चाव्या वॉचमनकडे ठेवतात आणि आपण मोकळे झालो असे समजतात. माझे म्हणणे असे की ते मोकळे झालेले नसतात. पद सोडण्याची क्रिया पत्राने सुरू होते आणि दप्तर, चाव्या व हिशेब यांच्या सहीनिशी केलेल्या यादीने संपते. त्या यादीची सर्वांत जास्त गरज संस्थेपेक्षाही जाणाऱ्या माणसालाच असते. या म्हणण्याला विरोध करणारी बाजू खोटी नाही. तिच्यामागे बरीच वर्षे फुकट राबण्याचा थकवा आहे. म्हणून ती बाजू मी एका कल्पित सेक्रेटरींच्या तोंडी घातली आहे आणि तिला उत्तर दिले आहे.

सेक्रेटरी: मला सांगा, हे पद पगाराचे आहे का? संध्याकाळी घरी आल्यावर पाण्याचा टँकर, लिफ्टचा मेकॅनिक, गळतीच्या तक्रारी, आणि वर जनरल बॉडीत चार जणांसमोर हिशेबावरून बोलणी. मी चेअरमनना पत्र दिले, त्यांनी ते घेतले, पोच दिली. नमुना उपविधींतच आहे की समिती सदस्याने राजीनामा दिला आणि समितीने तो स्वीकारला नाही, तरी पत्र मिळाल्यापासून एक महिन्याने तो लागू होतो. मग महिन्यानंतर माझा संबंध काय? नोकरी सोडणाऱ्यालाही नोटिशीचा काळ संपला की कुणी अडवू शकत नाही. मी तर नोकर नव्हतो. कपाट तिथेच आहे, चाव्या वॉचमनकडे आहेत, ज्याला पाहायचे त्याने पाहावे.

लेखक: सेक्रेटरीसाहेब, एक महिन्याचा नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो समितीच्या सदस्यत्वाला आहे. तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत: समितीची खुर्ची आणि सेक्रेटरीचे पद. पदाबद्दल महाराष्ट्राच्या नमुना उपविधी वेगळे बोलतात. सेक्रेटरी किंवा खजिनदाराने आपल्याकडचे काम आजवरचे पूर्ण केले आहे आणि आपल्या ताब्यातले संस्थेचे सगळे कागद व मालमत्ता सोपवली आहे, अशी खात्री झाल्यावरच समितीने त्याचा राजीनामा स्वीकारावा, अशी ती तरतूद आहे. तुमच्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींत ती कोणत्या शब्दांत आहे ते आधी काढून बघा, कारण सगळ्या संस्थांनी नव्या नमुना उपविधी स्वीकारलेल्या नाहीत आणि जुन्या पुस्तकात शब्द निराळे सापडू शकतात. पण अर्थ असा, की खुर्ची महिन्याने सुटू शकते, पद कागद सोपवल्याशिवाय सुटत नाही. वॉचमनला चावी देणे म्हणजे सोपवणे नव्हे. तो संस्थेचा पदाधिकारी नाही, त्याला काय मिळाले हे तो लिहून देऊ शकत नाही, आणि उद्या तो एजन्सीने बदलला तर चावी कुणाच्या हातात गेली हेही सांगता येणार नाही.

आता कायदा कुठे किती कडक आहे हेही नीट पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधले कलम 160 बऱ्याच जणांच्या तोंडी असते. ते नवीन समिती निवडून आल्यावर लागते. मावळत्या अध्यक्षांनी समितीचा कार्यभार, कागद आणि मालमत्ता नव्या अध्यक्षांकडे द्यायची; न दिल्यास निबंधक लेखी आदेश देऊ शकतात, आणि तोही मोडला तर शिक्षेची तरतूद आहे. मुदत चालू असताना एकटा सेक्रेटरी राजीनामा देतो तेव्हा हे कलम जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे उपविधी चालतात. पण कागद लपवले, बदलले किंवा नष्ट केले जातील अशी निबंधकांची खात्री झाली, तर कलम 80 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत दप्तर जप्त करता येते. माटुंग्याच्या संस्थेचा अर्ज एफ उत्तर विभागाच्या उपनिबंधकांकडे जाईल. हे मी धाक घालायला सांगत नाही. तिथवर गेलेल्या प्रकरणात मुळात चोरी असतेच असे नाही, हे सांगण्यासाठी सांगतो. पुष्कळदा काय दिले आणि काय दिले नाही हे कुणीच लिहून ठेवलेले नसते, एवढेच कारण असते.

सेक्रेटरी: म्हणजे थोडक्यात, संस्थेच्या सोयीसाठी मी अजून पंधरा दिवस राबायचे. ज्या चेअरमनशी पटत नाही म्हणून मी जातो आहे, त्यांच्यासमोर बसून फायली मोजायच्या. यात माझा काय फायदा?

लेखक: फायदा तुमचाच आहे. समितीने तिच्या कार्यकाळात घेतलेल्या निर्णयांना आणि संस्थेच्या हिताला बाधक ठरलेल्या कृती-अकृतींना समितीचे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, हे कलम 73 मध्ये आहे. हिशेबात नुकसान निघाले आणि कलम 88 खाली चौकशी लागली, तर ती आजी पदाधिकाऱ्यांवर थांबत नाही, माजी पदाधिकाऱ्यांपर्यंत येते. म्हणजे तुम्ही गेल्यावरही तुमच्या काळाबद्दल विचारणा होऊ शकते. ती व्हावीही, त्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो तुमचा काळ कुठे संपला हे दाखवता येत नाही तेव्हा. तुमच्यानंतर दोन महिन्यांनी एखादी मुदत ठेव मोडली गेली, एखादी सभासद नोंदवही गहाळ झाली, एखाद्या कोऱ्या चेकवर रक्कम भरली गेली, तर "मी होतो तेव्हा ती जागेवर होती" या वाक्याला पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे एका ठरावीक दिवशी, संध्याकाळपर्यंतच्या स्थितीची, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहीची यादी. पत्रावरच्या पोचेतून फक्त तुम्ही जायचे म्हणालात एवढे सिद्ध होते.

म्हणून पहिले काम दिवस ठरवण्याचे. पत्राची तारीख आणि सोपवण्याची तारीख एक असण्याची गरज नाही, उलट ती नसलेली बरी. महिनाअखेर सर्वांत सोयीची, कारण मेंटेनन्सची बिले महिन्याच्या सुरुवातीला निघतात, बँकेचे स्टेटमेंट महिन्याचे मिळते आणि कीर्द तिथे आपोआप बंद होते. समजा चोवीस बिऱ्हाडांची संस्था आहे, तुम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला पत्र दिले आणि 31 ऑगस्ट हा दिवस धरला. त्या दिवशी कीर्दीत बँकेची शिल्लक 4,12,600 रुपये आहे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र 4,48,350 दिसतात. फरक 35,750 रुपयांचा. नवे सेक्रेटरी हा फरक पाहून घाबरतील, आणि जुन्यांनी समजावून न देताच निघून गेले तर पुढे वर्षभर त्याची कुजबुज चालेल. खरे कारण साधे असते. बेस्टच्या विजेच्या बिलाचा 18,400 चा आणि लिफ्टच्या देखभालीचा 22,850 चा असे दोन चेक दिले आहेत, पण समोरच्यांनी अजून वटवलेले नाहीत. ते 41,250 झाले. उलट एका सभासदाचा 5,500 चा चेक भरला आहे, तो अजून जमा व्हायचा आहे. कीर्दीच्या शिल्लकेत 41,250 मिळवा, 5,500 वजा करा, बँकेचा आकडा बरोबर येतो. बँक मेळपत्रक म्हणतात ते हेच. ते एका पानावर, चेक क्रमांकांसह, तुमच्या आणि खजिनदारांच्या सहीने यादीला जोडले की त्या फरकाबद्दल पुढे कुणाला प्रश्न पडणार नाही.

सेक्रेटरी: हिशेब खजिनदारांचा. माझ्या यादीत तो कशाला?

लेखक: कारण बँकेच्या खात्यावर तुमचीही सही आहे. नमुना उपविधींप्रमाणे खाते सेक्रेटरी आणि त्यांच्याबरोबर चेअरमन किंवा खजिनदार असे मिळून चालवतात. शिवाय थकबाकीचा खरा घोळ खजिनदाराच्या कीर्दीत दिसत नाही. तो दोन वह्यांच्या मध्ये असतो. त्याच संस्थेत खतावणीत सभासदांकडून येणे 91,500 दाखवले आहे, आणि सभासदांची वैयक्तिक खाती एकेक करून बेरीज केली तर 96,000 येतात. साडेचार हजारांचा फरक. पैसे कुणी खाल्ले, असा पहिला संशय येतो. पण पाहा, वैयक्तिक खात्यांची बेरीज खतावणीपेक्षा जास्त आहे. म्हणजे पैसे संस्थेत आले, कीर्दीत जमा झाले, खतावणीतले येणे तेवढ्याने कमी झाले, पण ते ज्याचे होते त्याच्या खात्यावर चढवलेच नाहीत. आजकाल हे पुष्कळदा नेटबँकिंगने आलेल्या रकमेचे असते. सभासद घर क्रमांक लिहीत नाही, पैसे त्याच्या मुलाच्या किंवा भाडेकरूच्या खात्यातून येतात, स्टेटमेंटवर अनोळखी नाव दिसते आणि नोंद अर्धवट राहते. ज्याने पैसे दिले त्याच्या नावावर मात्र थकबाकी चढत जाते, तिच्यावर व्याज लागते, आणि सहा महिन्यांनी नोटीस गेली की भांडण उभे राहते. त्या रकमेचा माग लावू शकणारा माणूस तुम्हीच असता, कारण अमक्याचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो हे तुम्हाला माहीत आहे. ही माहिती कुठल्याही फायलीत नाही. माग लागला नाही तर ती रक्कम अनामत खात्यात, तारीख आणि स्टेटमेंटवरच्या संदर्भ क्रमांकासह, उघड दाखवा. ती नाहीशी करायला म्हणून कुणाच्या तरी खात्यात ढकलू नका.

चेकबुकाबद्दलही हेच. वापरलेल्या शेवटच्या चेकचा क्रमांक, शिल्लक कोऱ्या चेकचे पहिला ते शेवटचा असे क्रमांक, रद्द केलेले चेक फाडून न टाकता पुस्तकालाच टाचलेले. पावतीपुस्तकाचे शेवटचे पान, व्हाउचरचा शेवटचा क्रमांक. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो: घाईत उपयोगी पडतील म्हणून सही करून ठेवलेले कोरे चेक कपाटात असतील, तर ते यादीच्या दिवशी दोघांसमोर रद्द झाले पाहिजेत. तुमची सही असलेला कोरा चेक मागे राहिला, तर तुमची जबाबदारीही त्याच्याबरोबर मागे राहते.

सेक्रेटरी: मग मी मूळ कागदच माझ्याकडे ठेवतो. निदान मिनिट बुक तरी. उद्या मी घेतलेल्या निर्णयांवर कुणी बोट ठेवले तर माझ्याजवळ पुरावा नको का? शिवाय गेल्या पावसाळ्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या सामानाला मी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, ते अजून मिळालेले नाहीत. ते मिळेपर्यंत फायली देणार नाही.

लेखक: या दोन्ही मागण्यांमागचे दुखणे मला कळते, पण दोन्हींचा मार्ग चुकीचा आहे. इतिवृत्ताची वही संस्थेची आहे. ती तुमच्या घरी राहिली की तिच्यातला पुरावा दुबळा होतो, कारण मधल्या काळात तिच्यात काही लिहिले गेले नाही असे तुम्ही कुणालाही पटवू शकणार नाही. वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानाचा क्रमांक यादीत टाका, त्या पानाखाली आडवी रेघ मारून दोघांनी सह्या करा, मधली कोरी पाने राहिली असतील तर तीही रेघेने बंद करा, आणि तुमच्या काळातल्या महत्त्वाच्या ठरावांच्या साक्षांकित प्रती घ्या. सभासद म्हणून सभांची इतिवृत्ते, हिशेब आणि इतर ठरावीक कागद पाहण्याचा आणि फी भरून त्यांच्या प्रती मिळवण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानेच आहे. पद गेले तरी सभासदत्व जात नाही, त्यामुळे हा हक्कही जात नाही. जी सभा झाली पण जिचे इतिवृत्त अजून कच्चे आहे, तिच्याबद्दल यादीत तसेच लिहा आणि कच्ची टिपणे द्या. जाता जाता जुनी इतिवृत्ते सुधारून लिहिण्याचा मोह मात्र कधीही धरू नका. शाई आणि अक्षर वेगळे दिसले की चांगल्या हेतूने लिहिलेली ओळही खोटी ठरते.

खिशातून घातलेल्या पैशांचे म्हणाल, तर ते तुम्हाला मिळायलाच हवेत. पण ते संस्थेकडचे तुमचे येणे आहे. बिल जोडून लेखी मागणी करा, 31 ऑगस्टच्या देण्यांच्या यादीत ती रक्कम तुमच्या नावाने दाखवा आणि समितीच्या सभेत ती नोंदवून घ्या. एकदा हिशेबात देणे म्हणून चढले की नवी समिती ते नाकारू शकत नाही असे नाही, पण नाकारताना तिला कारण लिहावे लागेल. फायली अडवल्या तर तुमचे न्याय्य येणे आणि तुमचा गैर ताबा हे दोन्ही एकाच तक्रारीत मिसळतात, आणि उपनिबंधकांच्या समोर मग येण्याबद्दल कुणी बोलत नाही.

मागे ठेवलेल्या फायलींमध्ये असते तरी काय, हे माटुंग्यात विशेष ध्यानात घ्यायला हवे. हा भाग मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखला. तो ट्रस्ट 1898 मध्ये स्थापन झाला आणि 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. इथल्या पुष्कळ भूखंडांचा मूळ हक्क विक्रीखताचा नसून ट्रस्टच्या भाडेपट्ट्याचा आहे, आणि तो पट्टा आता महापालिकेशी जोडला गेलेला आहे. मूळ पट्टा, त्याच्या हस्तांतरणाचे दस्त, मंजूर नकाशे, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांचे आय आणि जे नमुन्यातले रजिस्टर, भागपत्रांची वही, नामनिर्देशनांची वही: हे कागद रोज लागत नाहीत, म्हणून ते हरवल्याचे वर्षानुवर्षे कळतही नाही. ते कळते इमारत पुनर्विकासाला निघते तेव्हा, आणि तेव्हा एका दस्ताची साक्षांकित प्रत मिळवण्यात महिने जातात. म्हणून यादीत "जुनी कागदपत्रे, एक फाईल" असे लिहू नये. प्रत्येक दस्त त्याच्या तारखेने आणि पानांच्या संख्येने लिहावा, मूळ आहे की झेरॉक्स हे लिहावे. आणि तुम्ही पद घेतलेत तेव्हाच जो कागद नव्हता, त्याच्यापुढे "कार्यभार घेताना मिळाला नाही" असे निःसंकोच लिहावे. आधीच्यांची उणीव आपल्या माथ्यावर येऊ नये यासाठी याखेरीज दुसरा उपाय नाही.

याच कपाटात एक जिवंत फाईल असते, तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सभासद वारले, वारसांनी हस्तांतराचा अर्ज दिला, अर्ज सेक्रेटरींच्या टेबलावर आहे आणि मध्येच राजीनामा झाला. नामनिर्देशित व्यक्ती परदेशात आहे, भाऊ माटुंग्यात राहतो, दोघांच्या पत्रांत मेळ नाही. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेला तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवावा लागतो; न कळवल्यास अर्जदाराला सभासद मानले जाण्यापर्यंत परिणाम होऊ शकतो. सेक्रेटरी बदलला म्हणून ही मुदत थांबत नाही. म्हणून प्रलंबित अर्जांची वेगळी यादी करा: अर्ज कधी आला, काय कागद मागितले, काय आले, मुदत कधी संपते. न्यायालयातले किंवा सहकार न्यायालयातले दावे असतील तर पुढची तारीख आणि वकिलांकडे गेलेले मूळ कागद. लेखापरीक्षकांच्या आक्षेपांपैकी कशाला उत्तर गेले आणि कशाला नाही. इमारत तीस वर्षांपलीकडची असल्यास संरचनात्मक तपासणीचा शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा. नवा माणूस या चार गोष्टी वाचून पहिल्या आठवड्यातच कामाला लागू शकतो.

सेक्रेटरी: चाव्यांना तरी एवढे लिहिण्याची गरज नाही ना?

लेखक: चाव्यांत दोन जाती आहेत, आणि दुसऱ्या जातीमुळेच आज सर्वाधिक अडचण होते. पहिल्या जातीत गच्ची, पंपरूम, मीटररूम, लिफ्टची मशीनरूम, ऑफिसचे कपाट, बँकेचा लॉकर असेल तर तो. प्रत्येक चावीला पट्टी बांधा, कुलूप उघडून दाखवा, दुसरा जोड कुणाकडे आहे ते लिहा. गच्चीची चावी कुणाकुणाकडे आहे हे बहुतेक इमारतींत खात्रीने कुणालाच माहीत नसते, म्हणून पदाधिकारी बदलताना तेवढे कुलूप बदललेलेच चांगले. परगावी गेलेल्या सभासदांनी विश्वासाने ठेवलेल्या त्यांच्या घराच्या चाव्या मात्र या यादीत घालू नका. त्या संस्थेच्या नाहीत. त्या ज्याच्या त्याला विचारून, त्यांच्या लेखी होकाराने, परत करा किंवा ते सांगतील त्याच्या हाती द्या.

दुसऱ्या जातीच्या चाव्या दिसत नाहीत. बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो. संस्थेचा ईमेल तुम्ही तुमच्या नंबरवरून उघडला आहे. आयकराच्या पोर्टलवर संस्थेच्या पॅनला आणि टॅनला तुमचा नंबर जोडला आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर आहे, सीसीटीव्हीचा पासवर्ड तुम्हालाच ठाऊक आहे. यातली एकही गोष्ट कागदावर पासवर्ड लिहून देऊन सुटत नाही. नंबर बदलावा लागतो, आणि बँकेत तर त्यासाठी समितीचा ठराव, नव्या सह्यांचे नमुने आणि केवायसी हे सगळे लागते. त्याला दिवस जातात. त्या दिवसांत पाण्याच्या पंपाचे वीजबिल, वॉचमनचा पगार, लिफ्टचे बिल थांबू नये म्हणून 31 ऑगस्टच्या आत देय असणारे चेक नेहमीच्या रीतीने, पूर्ण रक्कम आणि नाव लिहून, देऊन टाका. पुढच्यांसाठी आगाऊ सह्या करू नका. बँकेने सही बदलल्याचे पत्र दिले की त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. हिशेबाच्या डेटाची एक प्रत पेनड्राइव्हवर नव्या सेक्रेटरींना, एक खजिनदारांना द्या, आणि ती उघडते हे तिथेच पाहा.

सेक्रेटरी: हे सगळे चेअरमन समोर बसून घेतील असे तुम्ही धरून चालला आहात. आमचे चेअरमन म्हणतील, "आत्ता वेळ नाही," किंवा "हिशेब तपासल्याशिवाय मी सही करणार नाही." आणि माझ्या जागी यायला कुणी तयारच नाही. मग मी जन्मभर सेक्रेटरी राहू?

लेखक: हा तुमचा सर्वांत बळकट आक्षेप आहे, आणि नियमात याचे पूर्ण उत्तर नाही हे मी मान्य करतो. राजीनामा स्वीकारण्यासाठी समितीची खात्री व्हावी लागते, आणि समितीने खात्री करून घ्यायचीच नाही असे ठरवले तर प्रामाणिक माणूस अडकू शकतो. पण अडकलेल्याने करायचे ते कागदावरच करायचे असते. उत्तराधिकारी नसला तरी घेणारा असतो: सेक्रेटरीचे दप्तर चेअरमनकडे सोपवायचे, मग समिती आपल्यातल्या कुणाला तरी पद देईल किंवा रिकामी जागा भरेल. चेअरमननी वेळ दिला नाही तर यादीची प्रत सर्व समिती सदस्यांना लेखी पाठवा, अमुक तीन दिवशी अमुक वेळी मी दप्तर घेऊन ऑफिसात असेन असे कळवा, आणि त्या तिन्ही दिवशी खरोखर तिथे असा. दोन सभासदांना साक्षीदार म्हणून बसवा. तरीही कुणी आले नाही तर यादी आणि पत्रव्यवहार जोडून उपनिबंधकांना कळवा आणि कुणी दप्तर घ्यावे याचे मार्गदर्शन मागा. तोवर कागद कुलपात ठेवा, नव्या निर्णयावर सही करू नका, पण पाणी, वीज, लिफ्ट यांसारखे रोजचे काम अडवू नका. सगळी समितीच राजीनामे देऊन मोकळी झाली असेल तर प्रश्न वेगळा होतो. तिथे निबंधकांना कलम 77-अ खाली समिती किंवा प्राधिकृत अधिकारी नेमता येतो, आणि दप्तर त्यांच्याकडे जाते.

"तपासल्याशिवाय सही नाही" हे चेअरमनचे म्हणणे तर मला रास्त वाटते. घेणाऱ्याने न पाहता "सर्व मिळाले" असे लिहून देणे हे देणाऱ्याच्याही हिताचे नाही, कारण पुढे तो सही नाकारेल. सहीचे दोन भाग करा. वस्तू मिळाल्याची सही त्याच दिवशी: इतक्या वह्या, इतक्या फायली, इतके चेक, इतक्या चाव्या. हिशेब बरोबर असल्याचे मान्य करण्याची सही त्यात मागू नका. ते काम लेखापरीक्षकाचे आहे आणि ते वर्षअखेरीनंतरच होईल. तुमच्या पाच महिन्यांच्या नोंदींबद्दल त्याने काही विचारले तर त्याला उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर राहते, हेही यादीच्या शेवटी लिहून टाका, म्हणजे घेणाऱ्याचा संकोच जातो. तपासात काही कमी निघाल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे, अशी ओळ टाका. सहीचा आग्रह जितका मर्यादित, तितकी ती लवकर मिळते.

सेक्रेटरी: समजा हे सगळे केले. चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत, जिथे सगळे एकमेकांना तीस वर्षे ओळखतात, तिथे असा पंचनामा केला तर लोक म्हणतील, यांचा एकमेकांवर विश्वास नाही.

लेखक: विश्वास असतानाच यादी सहज होते. वाद उभा राहिल्यावर तीच यादी आरोपपत्रासारखी वाचली जाते. मुंबईत सहकारी गृहनिर्माण गावदेवीच्या सारस्वत संस्थेपासून, म्हणजे 1915 पासून, रुजले. ती संस्था एकाच समाजातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची होती, आणि तरीही तिने नोंदणी, नोंदवह्या, सभा आणि लेखापरीक्षणाची चौकट स्वीकारली. सहकारात ओळख आणि लेखी हिशेब हे एकमेकांचे पर्याय म्हणून कधीच मांडलेले नाहीत. आणि तुमच्या इमारतीतही ओळख सगळ्यांची सगळ्यांशी राहिलेली नाही. काही घरे विकली गेली, काहींत भाडेकरू आहेत, काहींचे मालक न्यू जर्सीत आहेत. जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांना तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल यादीतूनच कळणार आहे.

सेक्रेटरी: बरे. मग पत्रात नेमके काय लिहू?

लेखक: मोजकेच. सेक्रेटरीपदाचा राजीनामा देत आहे की समितीच्या सदस्यत्वाचाही, हे वेगवेगळे आणि स्पष्ट. 31 ऑगस्टला कामकाजाच्या अखेरीस दप्तर, चाव्या आणि हिशेब सोपवण्याची तयारी आहे, हे. त्यासाठी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात समितीची सभा बोलवावी आणि तिच्या विषयपत्रिकेवर राजीनाम्याचा विचार, कार्यभार कुणी घ्यायचा, आणि बँकेतल्या सह्या बदलणे हे तीन विषय घ्यावेत, हे. मनातली नाराजी या पत्रात लिहू नका. ती वेगळ्या पत्रात लिहा, नाहीतर समिती तुमच्या नाराजीलाच उत्तर देत बसेल आणि दप्तराचा विषय बाजूला राहील. पत्र चेअरमनच्या नावाने, पोच घेऊन. कच्ची यादी आजच सुरू करा, कारण कपाटातल्या जुन्या फायली उघडायला लागलात की एका रविवारात होणार नाही. यादीच्या तीन प्रती काढा: एक दप्तरात, एक घेणाऱ्याकडे, एक तुमच्याकडे. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटच्या पानावर पानांची एकूण संख्या अक्षरी आणि साक्षीदारांची नावे घर क्रमांकासह. आणि समितीच्या ज्या सभेत राजीनामा स्वीकारला जाईल, तिच्या ठरावात यादीचा उल्लेख तिच्या तारखेने करून घ्या. त्या ठरावाची प्रत हातात आली की 1 सप्टेंबरपासून इमारतीतल्या कुणीही पंपाच्या बिघाडासाठी तुमची बेल वाजवली, तर त्याला तुम्ही नव्या सेक्रेटरींचा दरवाजा दाखवू शकता.